चौथ्या पानावरची सूचना

शालन भाजली हे विश्वजितने मला फोनवर सगळ्यात शेवटी सांगितलं. आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मग दहा दिवसांवर ऑडिट आलंय म्हणाला, मग सीओडीची एसओपी नव्याने लिहून द्या म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता, "हां मॅडम, एक छोटा इन्सिडंट झालाय. शालनच्या हातावर जरा आम्ल उडालं. आता बरी आहे, टेन्शन नाही."

"जरा म्हणजे किती?"

"मानेपर्यंत. पण चष्मा होता, डोळे वाचले."

मी उभीच राहिले. सीवूड्सच्या माझ्या घरात दुपारी तीन वाजता एवढं ऊन येतं की पडदा ओढल्याशिवाय बसवत नाही. मी पडदा ओढला, पुन्हा सारला, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहून आले.

"कुणी लावला होता हीटर?"

"नवी मुलगी आहे, मनस्वी. प्रोबेशनवर आहे. बुधवारी चौकशी समिती बसतेय. मॅडम, तुम्ही फक्त दोन कामं करा. एसओपी जरा व्यवस्थित करून द्या, आणि मूळ लेखिका म्हणून एक ओळ लिहून द्या की हीटर लावण्याआधी मिश्रण ढवळायची सूचना त्यात होती. खोटं नाही ना ते? आहेच ती. चौथ्या पानावर."

आहेच. मीच घातली होती.

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लॅबमध्ये मी तेवीस वर्षं काढली. कारखान्यांचं सांडपाणी तपासायची लॅब. सीओडी ही तिथली रोजची भाकरी: पाण्यात किती घाण आहे हे मोजायचं, तर ती घाण जाळून टाकायला किती ऑक्सिजन लागेल ते काढायचं. त्यासाठी नमुन्यात डायक्रोमेट घालायचं, भरपूर सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि दोन तास उकळायचं. फ्लास्कच्या डोक्यावर काचेचा लांब कंडेन्सर उभा असतो, त्याच्याभोवती थंड पाणी फिरतं, म्हणजे वाफ वर जाऊन परत खाली ठिबकते. आणि हे सगळं कोणत्या क्रमाने करायचं ते ज्या कागदावर लिहिलेलं असतं, त्याला एसओपी म्हणतात. एकोणीसशे चौऱ्याण्णवमध्ये ती मी लिहिली. आमचा विश्वजित तेव्हा शाळेत असेल. पुढे तो माझ्याच हाताखाली आला आणि आता लॅबचा मॅनेजर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले. पूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यावर उतरलं की धुराचा एक आंबूस वास यायचा, त्यावरून आज कुठली कंपनी चालू आहे ते कळायचं. आता काचेच्या इमारती. वास मात्र तसाच, तेवढा एक बदललेला नाही.

मनस्वीला त्यांनी टेबलावरून काढून नमुन्यांच्या खोलीत बसवलं होतं. बाटल्यांना लेबलं चिकटवत होती. सावळी, बारीक, केस घट्ट बांधलेले. मला पाहून उठली तेव्हा लेबलांचं भेंडोळं खाली पडलं.

"तुम्हीच त्या का? सही आहे ना तुमची. एस. आर. पाटील."

"मीच. बस. काय झालं ते सांग."

"नोटिशीला उत्तर दिलंय मी, मॅडम. तेच परत सांगू?"

"उत्तर नको. तू काय केलंस ते सांग. हात कुठे होता, कागद कुठे होता."

तिने माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. मग सांगितलं. सीनियर रजेवर होता, त्या दिवशी तिने पहिल्यांदाच एकटीने लावलं. सहा फ्लास्क. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून फ्यूमहुडच्या, म्हणजे वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाच्या, काचेला चिकटवलेला होता, दुसरं पान वर. ती एक ओळ वाचायची, ते करायची, मग दुसरी ओळ वाचायची. नमुना घातला, मर्क्युरिक सल्फेट, काचेचे मणी, थोडं आम्ल, डायक्रोमेट. कंडेन्सर बसवला, पाणी सोडलं. सातवी पायरी: कंडेन्सरच्या उघड्या तोंडातून उरलेलं सत्तर मिली आम्ल घाला. घातलं. आठवी पायरी: हीटर लावा, दोन तास उकळा. लावला.

"शालनमावशी कंडेन्सरच्या तोंडावर बीकर झाकायला आल्या. तिसरा फ्लास्क एकदम..." तिने हाताने कारंजं दाखवलं. "नारिंगी. छतापर्यंत."

"ढवळलं नव्हतंस."

"नाही. कुठे होतं ढवळा म्हणून?"

"चौथ्या पानावर. खबरदारी, क्रमांक नऊ."

"वाचलं होतं मी ते. एका दिवसात अकरा एसओपी वाचायला दिल्या होत्या, प्रत्येकीवर 'वाचले व समजले' म्हणून सही घेतली. पण मॅडम, हातात आम्ल मोजायचा सिलिंडर असताना चौथं पान कोण उलटतं? आणि पाकीट चिकटवलेलं. उलटता येतच नाही."

ती पुन्हा लेबलं चिकटवायला लागली आणि मान न उचलता म्हणाली, "पप्पा मार्केटला माथाडी आहेत. मसाल्याच्या गल्लीत. मी लॅबमध्ये आहे असं सगळ्या आळीला सांगून ठेवलंय त्यांनी. काढलं तर काढतील, पण त्या पत्रात 'निष्काळजी' लिहिलं ना, तर मला दुसऱ्या लॅबच्या दारातही कुणी उभं करणार नाही. इकडे सगळे सगळ्यांना ओळखतात."

ते खरं होतं. रबाळे ते तुर्भे, लॅब अशा किती? रविवारी एका लग्नात सगळे भेटतात.

विश्वजितच्या केबिनमध्ये चहा आला. त्याने माझ्यापुढे एक टाईप केलेला कागद सरकवला. एकच ओळ, खाली माझं नाव.

"सही नंतर करते," मी म्हटलं. "आधी एसओपी लिहू दे."

"एसओपीत काय एवढं, मॅडम? भाषा जरा सुधारा. चॅटजीपीटीने पण केली असती, पण तुमचं नाव असलं की ऑडिटर मानतो."

"मग सूचना चौथ्या पानावरच ठेवू?"

"जागा काय कुठेही असली तरी... सूचना होती की नाही? होती. तिने पाळली नाही. सिंपल."

"तू कधी वाचलंस ते चौथं पान?"

तो हसला. "मला तुम्ही शिकवलंत. मला कागद कशाला?"

हे तो माझं कौतुक म्हणून बोलला. घरी येईपर्यंत ते मला टोचत राहिलं.

घरी येऊन लिहायला बसले, तर पहिली ओळच होईना. जुन्या एसओपीतलं प्रत्येक वाक्य मी वाचत गेले आणि प्रत्येक वाक्याने मला खजील केलं. 'आम्ल सावकाश घालावे.' सावकाश म्हणजे किती? 'आवश्यकतेनुसार थंड करावे.' कुणाला वाटली आवश्यकता? एका वाक्यात तीन कामं: 'डायक्रोमेट घालून, कंडेन्सर जोडून, पाणी सुरू करावे.' मला ते वाक्य लिहितानाचा दिवस आठवत होता. मला वाटलं होतं, किती नेटकं झालं. वाचणाऱ्याला काम येतंच असं धरून मी लिहिलं होतं. आमच्या वेळी येतच होतं. एकमेकींच्या शेजारी उभं राहून शिकायचो, कागद फक्त इन्स्पेक्टरला दाखवायला.

पण हेही पूर्ण खरं नव्हतं.

उठले, बाल्कनीत गेले, परत आले. पाणी प्यायले. पुन्हा उठले.

शहाण्णव सालातली गोष्ट. वेणूबाई माझ्यासोबत काम करायच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. एक दिवस त्यांचा फ्लास्क असाच उडाला. कुणाला लागलं नाही, त्या नेमक्या वळल्या होत्या. छताला नारिंगी डाग पडला, पुढे तपकिरी झाला, मग कधीतरी रंगात गेला. कारण आम्हाला त्याच दिवशी कळलं. आम्ल पाण्यापेक्षा खूप जड. वरून ओतलं आणि फ्लास्क फिरवला नाही तर ते तळाशी थर करून बसतं. खालून हीटरची ऊब लागली की दोन्ही थर एकदम मिसळतात, आणि आम्ल पाण्यात मिसळताना मुळात जी उष्णता निघते ती सगळी एका क्षणात निघते. फ्लास्कमध्ये मावत नाही, मग वाट मिळेल तिकडून, कंडेन्सरमधून वर.

मला तेव्हाच सातव्या आणि आठव्या पायरीच्या मधे एक ओळ घालायची होती. पण एसओपी टाईपरायटरवर केलेली होती, प्रत्येक पानावर साहेबांची सही आणि शिक्का. मधे एक ओळ घातली की पुढची सगळी पानं सरकणार, सगळं पुन्हा टाईप, पुन्हा सह्या. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन. चौथ्या पानाच्या तळाशी चार बोटं जागा मोकळी होती. मी पान मशीनमध्ये घातलं आणि तिथे टाईप केलं: ९. उष्णता देण्यापूर्वी मिश्रण पूर्णपणे एकजीव करावे.

नंतर करू म्हटलं. कॉम्प्युटर आले तेव्हा लॅबमधल्या मुलांनी होतं तसं उतरवून घेतलं. मी पाहिलंही नाही.

हे विश्वजितला माहीत नव्हतं. वेणूबाई गेल्या त्याला बारा वर्षं झाली. आता हे जगात मला एकटीला माहीत होतं.

रविवारी पहिला मसुदा घेऊन मी बोनकोड्याला शालनकडे गेले. शालन लॅबमध्ये काचसामान धुते, लावते, एकोणीस वर्षं. मी करावे गावची, ती बोनकोड्याची, दोन्ही इथलीच जुनी गावं, त्यामुळे तिने पहिल्या दिवसापासून मला मावशी करून टाकलं. हाताला बँडेज, मानेवर कानाखाली लाल पट्टा, त्यावर मलम. पण गॅलरीत खुर्ची टाकून शेजारणीशी जोरात बोलत होती.

"ये गो मावशे. बघ, नवरीसारखी हळद लावून बसलीय मी."

"दुखतंय?"

"आता नाय. पयले दिवशी मात्र जीव गेलता. त्या पोरीनं मना शॉवरखाली धरलं ना, सोडलंच नाय. मी वरडते, थंडी वाजते, सोड गो. ती म्हनते, वीस मिनिटं झाली नाय. घड्याल बघत उभी होती मेली." ती हसली, मग मान ताणली म्हणून थांबली. "तिला काढतात म्हनं?"

"बुधवारी ठरेल."

"तिचा काय दोष? मना पन इतक्या वर्सांत कोनी सांगितलं नाय, त्या बीकर ठेवायला जाताना काय बघायचं ते. मी पानी सोडते, भांडी लावते, झाकन ठेवते. बाकी मना काय म्हाईत."

मी तिला मसुदा वाचून दाखवला. त्यात मी सुरुवातीलाच मोठी चौकट केली होती: धोक्याच्या सूचना, एकूण सतरा. आम्ल जाळतं, मर्क्युरी विषारी, डायक्रोमेट त्वचेला लागू देऊ नका, ढवळल्याशिवाय हीटर लावू नका, गॉगल, हातमोजे, सगळं. मला वाटलं, आता सूचना शेवटी नाही, पहिल्या पानावर आहे.

शालनने ऐकलं. सातव्या सूचनेला तिने शेजारणीला हाक मारून चहा टाकायला सांगितलं. बाराव्याला तिची नजर रस्त्यावरच्या टेम्पोकडे.

"ऐकतेयस ना?"

"ऐकते ना. पन मावशे, ह्या सतरा मी कंच्या वेली आठवायच्या? रस्त्यावर खड्डा हाय ना, तर पाटी खड्ड्याच्या अलीकडं लावतात. नेरूलला पाटी लावून कोपरखैरन्याचा खड्डा कसा दिसंल?"

मी कागद घडी करून पिशवीत घातला. शालनने चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, पण तो कसा लागला ते मला आठवत नाही.

सोमवार, मंगळवार लिहीत होते. एक पायरी, एक काम. प्रत्येक पायरीला क्रियापद आधी, आकडा सोबत. 'सावकाश' जिथे जिथे होतं तिथे मी स्वतःला विचारलं, हे मी मनस्वीला फोनवर सांगितलं तर ती नेमकं काय करेल? आणि ती जे विचारेल त्याचं उत्तर लिहिलं. सूचना सगळ्या फोडून ज्या त्या पायरीच्या लगेच आधी नेल्या. मधली जागा अशी झाली:

*१२. हीटर बंद आहे हे पाहा.*

*धोका: पुढच्या पायरीत आम्ल तळाशी जाऊन बसतं. फ्लास्क फिरवत न राहिल्यास आणि नंतर हीटर लावल्यास उकळतं आम्ल कंडेन्सरच्या वरच्या तोंडातून बाहेर उडतं. चेहरा कंडेन्सरच्या वर आणू नका. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देऊ नका.*

*१३. कंडेन्सरच्या उघड्या तोंडातून १० मिली आम्ल घाला. घालताना फ्लास्क गोल फिरवत राहा.*

*१४. पायरी १३ आणखी सहा वेळा करा. एकूण ७० मिली.*

*१५. फ्लास्क आणखी फिरवा. मग तळाकडून पाहा. वेगळा थर दिसतो का? दिसत असेल तर हीटर लावू नका. पुन्हा फिरवा, पुन्हा पाहा.*

*१६. थर दिसत नसेल तरच कंडेन्सरच्या तोंडावर बीकर ठेवा.*

*१७. हीटर लावा.*

वाचून पाहिलं. बरं होतं. पण याने मनस्वीची नोकरी वाचत नव्हती. नवा कागद चांगला आहे याचा अर्थ जुना वाईट होता, असं समितीला वाटेलच असं नाही. विश्वजित म्हणेल, सुधारणा केली, छान. पण तिने तेव्हाची सूचना पाळली नव्हती हे आहेच.

मी स्वयंपाकघरात गेले. गावाकडून आलेला कोकमाचा आगळ नव्हे, साखर घातलेला दाट सिरप होता, बाटलीत. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि सिरप ओतला. उंचावरून ओतला म्हणून सगळा लाल झाला, फसलं. दुसऱ्या पेल्यात कडेने सोडला. खाली गेला आणि बसला. वर पाणी स्वच्छ, खाली गडद लाल चार बोटं. पेला तसाच ओट्यावर ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिले. सोसायटीच्या वॉचमनने बेल वाजवली तेव्हा भानावर आले.

बुधवारी समितीत तिघं: विश्वजित, एचआरची उन्नती, आणि मालकांच्या वतीने एक गृहस्थ, ते बहुतेक वेळ मोबाईलमध्येच होते. मनस्वी भिंतीशी खुर्चीवर. उन्नती तिशीची, नखं रंगवलेली, बोलण्यात अगदी चोख. तिने त्या एका ओळीवर माझी सही मागितली.

"देते. आधी दहा मिनिटं लॅबमध्ये चला. उन्नती, तू केमिस्ट्री शिकलीयस?"

"मी कॉमर्सची, मॅडम. दहावीला सायन्सला काठावर पास."

"उत्तम. तुझ्यासारखीच हवी होती."

विश्वजित वैतागला. "मॅडम, याची गरज आहे का?"

"आम्ल नाही, काही नाही. पाणी आणि कोकम सरबत. पडलं तर पिऊन टाकू."

मालकांच्या गृहस्थांनी पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवला.

मी फ्लास्कमध्ये पाणी आधीच घालून ठेवलं होतं, वर कंडेन्सर बसवला होता, हीटरचा प्लग काढून टाकला होता. जुनं पाकीट काचेवर तसंच, दुसरं पान वर. मी उन्नतीला गॉगल दिला, कोट दिला, आणि म्हटलं, "नमुना, डायक्रोमेट, सगळं घालून झालंय असं समज. आता सातव्या पायरीपासून. मोठ्याने वाच, जे लिहिलंय तेच कर. कमी नाही, जास्त नाही. बाकी कुणी बोलायचं नाही."

उन्नतीने वाचलं, "कंडेन्सरच्या उघड्या तोंडातून उरलेले सत्तर मिली आम्ल सावकाश घालावे." मापात सत्तर मिली सिरप घेतला. नखं जपत, जीभ दाताखाली धरून, तिने तो ओतला. अगदी सावकाश. काचेच्या नळीतून लाल धार उतरली आणि फ्लास्कच्या तळाशी जाऊन पसरली. वर पाणी, खाली लाल. रेघ मारल्यासारखं.

"आठ," उन्नती म्हणाली. "हीटर लावावा." आणि तिचा हात बटणाकडे गेला.

"अगं हलव ना!" विश्वजित ओरडला. "फ्लास्क हलव आधी! तळाशी बघ!"

उन्नतीचा हात थांबला. तिने पाकिटाकडे पाहिलं, बोटाने ओळ वाचली. सात. आठ. नऊ.

"सर, कुठे लिहिलंय?"

प्लग काढलेला आहे, फ्लास्कमध्ये सरबत आहे, हे विश्वजितला माहीत होतं. तरी तो दोन पावलं पुढे आला होता.

"चौथ्या पानावर," मनस्वी मागून म्हणाली. कुणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं.

उन्नतीने पाकिटाची कड उचकटून पाहिली. टेपने चारही बाजूंनी चिकटवलेलं. नखाने खरडलं, निघेना. "हे तर उलटतच नाही," ती म्हणाली, आणि मग कोणाकडे न पाहता, "मीही हीटर लावलाच असता."

मालकांचे गृहस्थ फ्लास्ककडे वाकून बघत होते. "हे एवढं साधं आहे?" ते म्हणाले.

केबिनमध्ये परत आलो. विश्वजितने पाण्याचा ग्लास एका दमात संपवला. मग जरा सावरला. "ओके. जागा चुकीची होती, मान्य. पण मॅडम, हे डॉक्युमेंट तीस वर्षं चाललं. कधी काही झालं नाही. मग दोष डॉक्युमेंटचा कसा म्हणायचा?"

आता न बोलून चाललं असतं. उन्नतीचं पेन कागदावर होतं आणि वारं मनस्वीच्या बाजूने होतं. 'जागा सुधारली' एवढं लिहून सगळे मोकळे झाले असते, कदाचित तिला ताकीद देऊन. कदाचित.

"झालं होतं," मी म्हटलं. "शहाण्णवमध्ये. वेणूबाईंचा फ्लास्क. मी समोर होते. कारण मला त्याच संध्याकाळी माहीत होतं. ती ओळ सातव्या पायरीनंतर यायला हवी होती, तेही माहीत होतं. पुढची सगळी पानं पुन्हा टाईप करावी लागली असती म्हणून मी ती शेवटी घातली. उन्नती, लिही. मूळ कारण: धोक्याची सूचना पायरीच्या आधी नव्हती. लेखिकेला हे ठाऊक होतं. खाली माझं नाव घाल."

"मॅडम," विश्वजित हळू आवाजात म्हणाला, "हे ऑडिटर वाचणार. तुमचं नाव आम्ही पुढे कुठल्या डॉक्युमेंटला वापरू शकणार नाही."

"नको वापरूस."

"तुम्हीच मला शिकवलंत, आणि..."

"तुला मी शेजारी उभं राहून शिकवलं. हिच्या शेजारी कोण होतं? कागद होता. कागद बरोबर नव्हता."

तो टेबलावरच्या माझ्या सही नसलेल्या ओळीकडे बघत बसला. मग त्याने तो कागद उचलला, चुरगळला नाही, फक्त फाईलच्या मागे घातला. उन्नतीने दहा मिनिटं टाईप केलं. मनस्वीची नोटीस मागे. प्रोबेशन तसंच चालू. पत्रात 'निष्काळजी' हा शब्द नाही. मी दोनदा वाचून सही केली.

मनस्वी दारापाशी उभी होती. मला वाटलं, ती काहीतरी बोलेल, म्हणून मी पिशवी उगाच आवरत राहिले.

"तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं," ती म्हणाली. रागाने नाही. मोजून पाहिल्यासारखं.

"हो."

"शालनमावशींना सांगितलंत?"

"नाही अजून."

मी आणखी काही सांगावं असं तिला वाटत होतं की नाही कोण जाणे. टाईपरायटर, साहेबांच्या सह्या, दुसऱ्या दिवशीचं इन्स्पेक्शन, या सगळ्याचं तिला काय?

विश्वजित बाहेर आला. "मनस्वी, तळोज्याचे नमुने शुक्रवारपासून पडलेत. करशील आज?"

तिने मान हलवली. नवा कागद मी तीन प्रती काढून आणला होता, एकाच बाजूला छापलेला. तिने पहिली प्रत घेतली, जुनं पाकीट कटरने कापून काढलं, आणि तिथे नवी पानं शेजारी शेजारी लावली, एकमेकांवर नाही. कोट घातला, गॉगल लावला, हातमोजे चढवले. मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले, पूर्वी उभी राहायचे तशी, डाव्या हाताला, खांद्याच्या जरा मागे.

पहिल्या अकरा पायऱ्या तिने काही न बोलता केल्या. बारावीला हीटरचं बटण बोटाने दाबून पाहिलं, बंद आहे. मग धोक्याच्या चौकटीशी आली आणि थांबली. ओठ हलत होते. शेवटची ओळ वाचून ती माझ्याकडे वळली.

"मॅडम, दुसऱ्या कुणी जवळ यायचं नाही असं लिहिलंय."

"मी बघते नुसती."

"तुमचा गॉगलपण नाहीये." तिने आम्लाचा सिलिंडर खाली ठेवला. "तुम्ही बाहेर गेल्याशिवाय मी तेरावी पायरी सुरू करणार नाही."

मी बाहेर गेले. काचेच्या दारातून दिसत होतं: ती दहा मिली घालायची, फ्लास्क गोल फिरवायची, पुन्हा दहा मिली. सातव्यांदा झाल्यावर ती खाली वाकली आणि तळाकडून बघत राहिली, बराच वेळ. पुन्हा फिरवला. पुन्हा वाकली. मी दारावर ठोकून विचारावं, झालं का, असं दोनदा मनात आलं. शेवटी तिने बीकर उचलून वर ठेवला आणि हात बटणाकडे नेला. मी काचेला टेकलेला माझा हात काढून घेतला आणि जिन्याकडे निघाले. बोनकोड्याची रिक्षा मिळायला त्या वेळेला उशीर लागतो, आणि शालनला शहाण्णवचं ते आजच सांगायला हवं होतं.